सोळा सेटिंगचा डिशवॉशर म्हणजे सोळा माणसांचा नव्हे

डिशवॉशर घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती प्लेस सेटिंगचा हवा?’ आठ, बारा, तेरा, चौदा, सोळा असे आकडे समोर ठेवले जातात आणि आपण मनातल्या मनात घरातली माणसं मोजू लागतो. दोघांना आठ म्हणजे भरपूर, अकरा जणांना बारा पुरेल, असा हिशेब सहज होतो. तो दोन्ही घरांत चुकतो.

प्लेस सेटिंग हे युरोपीय चाचणीचं माप आहे. एका माणसाचं एक सेटिंग म्हणजे जेवणाची सपाट बशी, सुपाची खोलगट बशी, गोडाची लहान बशी, कप, त्याची बशी, ग्लास आणि काटे-चमचे-सुरी. अशी बारा जणांची भांडी आणि वाढायची थोडी भांडी रॅकमध्ये ठरवून दिल्याप्रमाणे बसली, की ते यंत्र बारा सेटिंगचं. आपल्या स्वयंपाकघराचा खरा पसारा असतो तो कुकर, त्याचे डबे, कढई, पातेली आणि परातीचा, आणि या मापात त्याला फारशी जागाच नाही. काठाचं स्टीलचं ताटही सपाट बशीसारखं लागून उभं राहत नाही. पाण्याचा फवारा आत पोहोचायचा तर बहुतेक वेळा मधली एक खाच मोकळी सोडावी लागते.

आता दोघांचं घर घ्या. सकाळी पोहे आणि चहा, दुपारचे डबे, रात्री पोळी-भाजी, वरण-भात. दिवसभराची ताटं, वाट्या, पेले मिळून पंधरा-वीस नग होतात आणि ते आठ सेटिंगच्या यंत्रात सुखाने मावतात. पण पोह्यांची कढई, चहाचं पातेलं, कुकर आणि डबे, भाजीची कढई, कणकेची परात यांचं काय? माणसं निम्मी झाली म्हणून भांडी निम्मी होत नाहीत. दोघांसाठीही कुकर एक लागतोच. ओट्यावर ठेवायच्या आठ सेटिंगच्या यंत्रात मोठं ताट नीट उभं राहीलच असं नाही, आणि कुकर ठेवला की बाकीच्यांची जागा गेली. मग यंत्र घेऊनही सगळ्यात कंटाळवाणी भांडी हातानेच घासायची वेळ येते. म्हणून जागा असेल तर दोघांनीही साठ सेंटिमीटर रुंदीचं बारा-तेरा सेटिंगचं यंत्र घ्यावं आणि रात्री एकदा लावावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मोठं यंत्र दुप्पट पाणी पितं हा समज खरा नाही. साधारण दहा लिटरच्या आसपास पाण्यात त्याची एक फेरी होते. अर्ध्या भाराचा पर्याय असतो, पण त्यात पाणी आणि वीज निम्मी होत नाही, थोडीच वाचते. भाड्याचं छोटं घर असेल, तर मात्र आठचं यंत्र ताटं, वाट्या आणि कपांपुरतं आहे हे धरूनच घ्यावं.

एकत्र कुटुंबाचं गणित वेगळं. अकरा जणांच्या एका जेवणाची अकरा ताटं म्हणजे खालच्या रॅकमध्ये जवळजवळ बावीस खाचांची जागा. दोन वाट्या धरल्या तर बावीस वाट्या, शिवाय अकरा पेले, यांनीच वरचा रॅक भरतो. कुकर आणि पातेली अजून बाहेरच आहेत. मग सोळाचं घेतलं तर? बारा आणि सोळा सेटिंगच्या बहुतेक यंत्रांची बाहेरची रुंदी सारखीच, साठ सेंटिमीटर. वाढलेला आकडा बऱ्याचदा रॅकच्या दाट रचनेतून आणि सगळ्यात वर चमच्यांसाठी दिलेल्या तिसऱ्या कप्प्यातून येतो. तो कप्पा चमचे, डाव, झाऱ्यांना उपयोगी खरा, पण त्याने वरच्या रॅकची उंची कमी होऊ शकते, आणि कढईला त्याने जागा मिळत नाही. त्यामुळे अशा घराने चौदा-सोळाचं यंत्र घेतलं तरी दिवसातून दोन फेऱ्या धरायलाच हव्यात. दुपारची ताटं-वाट्या एका फेरीत आणि रात्रीची मोठी भांडी दुसऱ्या फेरीत, कढईसाठी असलेल्या जास्त तापमानाच्या प्रोग्रामवर. एक फेरी दोन-तीन तास चालते, तेव्हा ताट-वाट्यांचा एक जादा संच घरात असलेला बरा.

जागा वाचवायला भांडी कोंबली की ते लगेच कळतं. खालची भांडी लख्ख, पण वरच्या वाट्यांत भाताची शितं आणि साचलेलं पाणी दिसतं. फवाऱ्याचं फिरतं पातं परातीच्या कडेला किंवा झाऱ्याच्या दांड्याला अडलं, किंवा वाट्या उपड्या न ठेवता एकमेकींत बसल्या, की असं होतं. यंत्र सुरू करण्याआधी पातं हाताने एकदा फिरवून बघावं.

खरेदीला जाताना घरातलं सगळ्यात मोठं ताट, नेहमीचा कुकर आणि कढई सोबत न्या. वरचा रॅक वर-खाली होतो का, खालच्या खाचांचे दात आडवे पडतात का हे विचारा, आणि भांडी दुकानातच रॅकमध्ये ठेवून पाहा. ती बसली तरच आकड्याकडे बघा.