विश्लेषण : ‘सखोल ज्ञान मिळेल’ म्हणजे विद्यार्थ्याला नेमके काय येईल?

अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात एक वाक्य हमखास असते. ‘विद्यार्थ्यांना विषयाचे सखोल ज्ञान मिळेल व त्याचे महत्त्व समजेल.’ वाचायला भारदस्त, पण वर्ष संपल्यावर ते खरे झाले की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही. अशी वाक्ये काढून त्या जागी ‘विद्यार्थी अमुक करून दाखवेल’ असे लिहिण्याचा देशातला एक मोठा प्रयोग एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात झाला. त्याची नाळ मुंबईच्या परळ-भोईवाडा परिसराशीही जुळलेली आहे. हे पुनर्लेखन नेमके कसे होते आणि कुठे फसते, ते रक्तदाब मोजण्याच्या एकाच उदाहरणावरून पाहू.

भोईवाड्याचा संबंध काय?

भोईवाड्याला लागून असलेल्या केईएम रुग्णालयाच्या आवारात सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ पासून सुरू आहे. वैद्यकीय शिक्षकांना ‘शिकवायचे कसे’ हे शिकवणारे फेमर संस्थेचे प्रादेशिक केंद्र २००५ मध्ये याच महाविद्यालयात सुरू झाले. पुढे २०१८ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने क्षमताधारित अभ्यासक्रम जाहीर केला आणि २०१९ च्या तुकडीपासून तो देशभर लागू झाला. परिषदेची जागा घेणाऱ्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२४ मध्ये त्यात सुधारणा केल्या, पण मूळ रचना तीच राहिली.

आधी काय लिहिलेले होते?

१९९७ च्या नियमावलीत शरीरक्रियाशास्त्राचे, म्हणजे फिजिऑलॉजीचे, व्यापक उद्दिष्ट होते ते शरीरातील अवयवसंस्थांच्या सामान्य कार्याचे सर्वंकष ज्ञान देणे. त्याखाली ‘विद्यार्थी अमुक करू शकेल’ असे मुद्देही होते. ‘सर्व अवयवसंस्थांचे कार्य स्पष्ट करणे’ हा त्यातलाच एक. पण सर्व अवयवसंस्थांचे कार्य म्हणजे अख्खे पुस्तक. त्यावरून ना विद्यार्थ्याला तयारी कशाची करायची ते कळे, ना परीक्षकाला काय तपासायचे ते.

२०१८ च्या दस्तऐवजात याच विषयाचे ११ भाग आणि १३७ क्षमता केल्या आहेत. त्यातली ५.१२ क्रमांकाची क्षमता सांगते की, विद्यार्थी स्वयंसेवकावर किंवा कृत्रिम व्यवस्थेत, विश्रांतीच्या वेळी तसेच वेगवेगळ्या व्यायामात व शरीरस्थितीत रक्तदाब आणि नाडी नोंदवेल. ‘नोंदवेल’ हे क्रियापद महत्त्वाचे. समोर उभ्या असलेल्या माणसाला ते होताना दिसते.

मग काम संपले का?

नाही. ‘रक्तदाब नोंदवेल’ एवढ्यावर दोन परीक्षक दोन वेगळे निकाल देऊ शकतात. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्येच उद्दिष्टाचे तीन भाग सांगितले होते : कृती कोणती, ती कोणत्या परिस्थितीत करायची आणि किती बिनचूक झाली तर चालेल. क्षमतेवरून प्रत्येक तासाचे उद्दिष्ट लिहिताना आपल्याकडच्या शिक्षकांनाही हेच करावे लागते. ही पायरी गाळली की नवा अभ्यासक्रम जुन्यासारखाच वागू लागतो.

समजा, एका विभागाच्या पत्रकात वाक्य आहे : ‘विद्यार्थ्याला रक्तदाब मोजण्याचे तंत्र व महत्त्व समजेल.’

पहिला प्रश्न विचारायचा, ‘समजले आहे’ हे ज्या विद्यार्थ्यात दिसते तो असे काय करतो, जे न समजलेला करत नाही? अनुभवी शिक्षकाकडे उत्तर तयार असते. समजलेला विद्यार्थी स्टेथोस्कोप लावण्याआधी मनगटाची नाडी हाताने चाचपतो, पट्ट्यात हवा भरत जातो आणि नाडी नाहीशी होते तो आकडा लक्षात ठेवतो. मग आवाज ऐकून मोजताना त्या आकड्याच्या सुमारे ३० मिलिमीटर वर जातो. काही रुग्णांमध्ये वरच्या आणि खालच्या दाबाच्या मधे आवाज काही काळ गायब होतो. आधी नाडी चाचपली नाही, तर हवा त्या शांत पट्ट्यापर्यंतच भरली जाते आणि वरचा दाब खूपच कमी नोंदवला जाऊ शकतो. म्हणजे ‘महत्त्व समजले’ याची खूण विद्यार्थ्याच्या बोटांत सापडते.

दुसरा प्रश्न परिस्थितीचा. कोणावर, कोणत्या यंत्राने, कोणाच्या मदतीने? इथे अभ्यासक्रमाच्या तक्त्यातला एक छोटा रकाना उपयोगी पडतो. प्रत्येक क्षमतेसमोर पातळी दिलेली असते : माहीत आहे, कसे ते माहीत आहे, करून दाखवतो, स्वतंत्रपणे करतो. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या चार पायऱ्यांच्या पिरॅमिडवर ही विभागणी बेतलेली आहे. ५.१२ समोर तिसरी पायरी आहे. म्हणजे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने देखरेखीखाली, धडधाकट स्वयंसेवकावर मोजून दाखवायचे आहे. ‘विद्यार्थी रुग्णांचा रक्तदाब स्वतंत्रपणे मोजेल’ असे पत्रकात लिहिले, तर वाक्य तपासता येण्याजोगे होईल, पण खोटे होईल. आकर्षक क्रियापदाच्या मोहात ही चूक बरीच होते.

तिसरा प्रश्न अचूकतेचा, आणि तो सर्वात अवघड. विद्यार्थ्याचा आकडा बरोबर की चूक हे ठरवायचे कशावरून? यासाठी दोघांना एकाच वेळी ऐकता येईल असा दुहेरी नळ्यांचा स्टेथोस्कोप वापरता येतो. शिक्षक आणि विद्यार्थी एकच आवाज ऐकतात, आकडे वेगवेगळ्या कागदांवर लिहितात आणि मग ताडून पाहतात. समजा, विभागाने चार मिलिमीटरपर्यंतचा फरक चालेल असे ठरवले. शिक्षकाची नोंद १२६/७८ आणि विद्यार्थ्याची १२०/८०. विद्यार्थ्याचा आकडा दिसायला अगदी पाठ्यपुस्तकी, पण वरच्या दाबात सहाचा फरक आहे. तो नापास. त्याने बहुधा ऐकण्याऐवजी अंदाज केला, किंवा हवा इतक्या झपाट्याने सोडली की पहिला ठोका निसटला. हवा सेकंदाला दोन ते तीन मिलिमीटर या गतीनेच उतरायला हवी.

या तीन उत्तरांतून नवे वाक्य तयार होते : ‘पहिल्या वर्षाअखेर विद्यार्थी, शांत बसलेल्या निरोगी स्वयंसेवकाचा रक्तदाब आधी नाडी चाचपून व नंतर स्टेथोस्कोपने, शिक्षकांच्या देखरेखीखाली पण त्यांच्या सूचनेशिवाय मोजेल. दोन्ही आकडे शिक्षकांच्या एकाच वेळी घेतलेल्या नोंदीपासून चार मिलिमीटरच्या आत असतील.’ वाक्य लांबले खरे. पण सप्टेंबरमध्ये ते वाचणाऱ्या मुलीला सराव कशाचा करायचा आणि आपण अजून किती मागे आहोत, हे कोणाला न विचारता कळते.

परीक्षेशी मेळ बसतो का?

पुनर्लेखन खरे आहे की कागदी, हे इथे उघड होते. पत्रकात ‘मोजून दाखवेल’ आणि परीक्षेत ‘स्टेथोस्कोपने ऐकू येणाऱ्या आवाजांचे टप्पे लिहा, गुण ५’ असेल, तर विद्यार्थी टप्पेच पाठ करणार. त्यात त्याची काय चूक? म्हणून अशा क्षमतेची परीक्षा ठरावीक वेळेच्या प्रात्यक्षिक थांब्यांवर घेतात. प्रत्येक थांब्यावर एक काम, आणि परीक्षकाच्या हातात आधीच छापलेली तपासणी यादी. ही पद्धत ज्यावरून आली ती रुग्णतपासणीची परीक्षा रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या डंडीमधून मांडली.

पण यातही व्यवहाराचा खडा लागतो. रक्तदाब मोजण्याआधी माणूस पाच मिनिटे शांत बसलेला हवा, पाठीला आधार हवा, पाय जमिनीवर हवेत. परीक्षेचा थांबाच पाच मिनिटांचा असेल तर विश्रांती द्यायची केव्हा? उपाय असा की, स्वयंसेवक आधीपासून बसलेला असतो आणि विद्यार्थ्याने ‘किती वेळ बसला आहात? अर्ध्या तासात चहा-कॉफी, सिगारेट झाली का?’ असे विचारणे हाच यादीतला एक मुद्दा होतो. तसेच टेबलावर दोन मापांचे पट्टे ठेवता येतात. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर दाब खोटाच जास्त येतो. विद्यार्थी योग्य पट्टा उचलतो की हाताला येईल तो, हे कोणताही प्रश्न न विचारता दिसते.

सगळेच असे लिहिता येते का?

नाही, आणि तसा आग्रह धरला तर विचित्र गोष्टी घडतात. ‘विद्यार्थी रुग्णाप्रति संवेदनशील होईल’ हे वाक्य मोजता येत नाही, म्हणून ते ‘पट्टा बांधण्यापूर्वी परवानगी घेईल व दंड आवळला जाईल हे सांगेल’ असे करतात. हे उपयोगाचे आहे, कारण रुग्णाला त्याचा फरक पडतो. मात्र, तेवढी दोन वाक्ये यंत्रवत म्हणणाराही यादीत पूर्ण गुण मिळवतो. दिसणारी कृती ही संवेदनशीलतेची खूण आहे, संवेदनशीलता नव्हे. एका परीक्षकाच्या एका दिवसाच्या यादीपेक्षा वर्षभरात अनेकांनी केलेल्या नोंदी इथे जास्त भरवशाच्या ठरतात.

दुसरी अडचण संख्येची. शरीररचनाशास्त्रात, म्हणजे अ‍ॅनाटॉमीत, २०१८ च्या यादीत ४०९ क्षमता होत्या. प्रत्येकीचे वर दिल्यासारखे वाक्य केले तर पत्रकाचा ग्रंथ होईल आणि तो कोणी वाचणार नाही. त्यामुळे पूर्ण तपशील प्रात्यक्षिकाच्या वहीत ठेवणे आणि विद्यार्थ्याला आधी दिसणाऱ्या पानावर मोजकीच, मोठी कामे लिहिणे, हे जास्त शहाणपणाचे.

तिसरा धोका इंजिनीअरिंग केलेल्यांच्या चांगल्याच ओळखीचा आहे. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाल्यानंतर तिथे प्रत्येक विषयाला ‘कोर्स आउटकम’ लिहिण्याचा धडाका सुरू झाला. अनेक ठिकाणी क्रियापदांची यादी समोर ठेवून ‘समजेल’च्या जागी ‘विश्लेषण करेल’ घातले गेले. प्रश्नपत्रिका, प्रयोग आणि जर्नल उतरवण्याची परंपरा मात्र होती तशीच. क्रियापद बदलले आहे की काम, हे ओळखायचे तर त्या वाक्यासमोर गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका ठेवून पाहावी.

रक्तदाबाच्या बाबतीत याहून सोपी चाचणीही आहे. विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिक वह्यांतील आकड्यांचे शेवटचे अंक पाहायचे. डायलवरच्या खुणा दोन-दोन मिलिमीटरच्या असतात, म्हणजे नीट वाचले तर शेवटी ०, २, ४, ६, ८ हे अंक साधारण सारख्याच वेळा यायला हवेत. सगळ्या वहीभर १२०/८०, ११०/७०, १३०/८० असेच दिसत असेल, तर पत्रकात काहीही छापलेले असो, त्या वर्गात अजून कोणी रक्तदाब मोजलेला नाही.