गळका नळ आणि दोन पाने

नळ गळतो तेव्हा पाणी नेमकं कुठून येतंय, हे आधी पाहावं. तोंडातून थेंब पडत असेल, तर आतला वायसर झिजलेला असतो. अर्ध्या फेऱ्यात उघडणारा नवा नळ असेल, तर आतल्या स्पिंडलच्या सिरॅमिक चकत्या खराब झालेल्या असतात. चावीच्या बुंध्याशी पाझर असेल, तर तिथलं छोटं रबरी कडं गेलेलं असतं. भिंतीजवळ ओल दिसली, तर दोष आट्यांवरच्या टेपचा. हे ओळखायला कोरडा कागदी रुमाल पुरतो. सगळा नळ पुसून एकेका सांध्याला रुमाल टेकवत जायचं. जिथे तो पहिल्यांदा भिजतो, तिथे काम आहे.

घरातल्या पेटीत यासाठी फार काही लागत नाही. एक चपटा आणि एक फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, षटकोनी एलन चाव्यांचा छोटा संच, टेफ्लॉन टेप, अर्धा इंची वायसर, जुना टूथब्रश आणि टॉर्च. एलन चावी लागते ती नव्या नळांसाठी, कारण त्यांच्या चावीचा स्क्रू बाजूच्या बारीक भोकात लपवलेला असतो. खरा विचार करावा लागतो तो पान्यांचा.

जबडा कमीजास्त होणारा अ‍ॅडजस्टेबल पाना दहा इंची घ्यावा. त्याचा जबडा सुमारे 28 ते 30 मिलिमीटर उघडतो. बेसिनखालच्या कनेक्शन पाइपचा नट साधारण 24 मिलिमीटरचा असल्यामुळे आठ इंची पाना तिथे जेमतेम बसतो, आणि सैल बसलेला पाना नटाचे कोपरे खाऊन टाकतो. जबडा नटाला घट्ट भिडवावा आणि पाना सरकत्या जबड्याच्या दिशेने फिरवावा, म्हणजे जोर पक्क्या जबड्यावर येतो. दातेरी पाइप पाना लोखंडी पाइपसाठी असतो; चकचकीत नळावर त्याचे ओरखडे कायमचे उमटतात.

आणि पाने दोन हवेत. एक फिरवायला, दुसरा धरायला. बेसिनखालच्या अँगल कॉकवरचा नट एकाच पान्याने सोडवायला गेलं, की पुष्कळदा नटाबरोबर कॉकही भिंतीत फिरतो. तिथला टेपचा सांधा सैल होतो, क्वचित भिंतीतला प्लास्टिकचा एल्बो तडकतो. किरकोळ दुरुस्तीतून टाइल फोडायची वेळ येते ती बहुधा अशी.

बादलीवरच्या जुन्या पद्धतीच्या नळाचा वायसर बदलायचं काम घेऊ. आधी बाथरूमचा किंवा टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि नळ उघडून उरलेलं पाणी काढून टाकायचं. मोरीच्या जाळीवर फडकं टाकायचं, नाहीतर स्क्रू हमखास तिथेच जातो. चावीवरची टोपी चपट्या स्क्रू ड्रायव्हरने अलगद उचकटून, खालचा स्क्रू काढून चावी उपसायची. नळ अर्धा उघडा ठेवून, अंगाला कापड गुंडाळून एका पान्याने तो धरायचा आणि दुसऱ्याने वरचा षटकोनी भाग डावीकडे फिरवायचा. स्पिंडल बाहेर येतो, त्याच्या तळाशी वायसर असतो. वायसर बसतो त्या पितळी कडेवर बोट फिरवून पाहावं. कड गुळगुळीत असेल, तर नव्या वायसरने गळती थांबते. तिथे खाच पडलेली असेल, तर नवा वायसरही थोड्याच दिवसांत कापला जातो आणि नळच बदलावा लागतो. सिरॅमिक स्पिंडल असेल तर जुना सोबत घेऊनच दुकानात जावं, कारण लांबी आणि चावी बसते ते दाते कंपनीगणिक वेगळे असतात.

टेफ्लॉन टेप लागते ती भिंतीत आवळायच्या आट्यांना. आट्यांचं तोंड स्वतःकडे धरून, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून आठ-दहा वेढे द्यायचे. उलटी गुंडाळलेली टेप नळ आवळताना गोळा होऊन बाहेर येते. नळ सरळ करण्यासाठी आवळल्यानंतर मागे फिरवला, तरी सांधा गळतो. मग टेप काढून पुन्हा गुंडाळण्याला पर्याय नाही. कनेक्शन पाइपच्या नटात मात्र रबरी वायसर असतो आणि पाणी तोच अडवतो. तिथे टेप नको, फार जोरही नको. हाताने घट्ट होईपर्यंत फिरवून पान्याने पाव फेरा दिला की झालं. जास्त आवळला तर रबर चिरडतं आणि गळती वाढते.

बोअरच्या पाण्याच्या घरात स्क्रू आणि नट पांढऱ्या क्षारांनी जाम होतात. अशा वेळी जोर लावण्याआधी व्हिनेगरमध्ये भिजवलेलं कापड तासभर गुंडाळून ठेवावं आणि ब्रशने घासावं. त्यानंतरही भिंतीतला जुना नळ हलत नसेल, तर पाना खाली ठेवून प्लंबरला बोलवावं. आट्यांचा तुकडा भिंतीत मोडला, तर तो काढायला वेगळं हत्यार लागतं. गीझरची जोडणी आणि भिंतीत बसवलेला गरम-थंड पाण्याचा मिक्सर ही कामंही त्याच्याकडेच सोपवावीत.