असंच बटण आण

साताऱ्याच्या आत्याचा निरोप आला, सोबत एक फोटो होता. जिन्याच्या दिव्याचं बटण मध्येच अडकतं, दाबलं तरी कधी लागतं, कधी नाही. 'पुण्याहून येताना असंच बटण घेऊन ये,' एवढंच तिनं लिहिलं होतं. फोटोत पांढऱ्या प्लेटमधलं पांढरं बटण अगदी स्पष्ट दिसत होतं. दुकानात तो फोटो दाखवला, तसंच दिसणारं बटण मिळालं आणि मी ते घेऊन गेलो. ते जुन्या चौकटीत बसेना. एका बाजूची खीळ अडकायची आणि दुसरी बाहेरच राहायची.

फोटो चांगला होता, पण चुकीच्या बाजूचा होता. बटण समोरून कसं दिसतं, ते त्यात कळत होतं. ते कशात बसतं आणि आतून काय करतं, हे मात्र समोरून कळत नाही.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बांधलेल्या अनेक घरांत मॉड्युलर बोर्ड असतात. त्यांचे तीन थर असतात. भिंतीत पेटी, पेटीवर स्क्रूनं आवळलेली चौकट आणि तिच्यावर दाबून बसवलेली दर्शनी प्लेट. बटणं आणि सॉकेट त्या चौकटीत खिळीनं अडकतात. साधं बटण एक मॉड्यूल जागा घेतं, सॉकेट सहसा दोन. म्हणून प्लेट मोजायची ती बटणांवरून नव्हे, मॉड्यूलवरून. चार बटणं, दोन मॉड्यूलचा रेग्युलेटर आणि एक सॉकेट असेल, तर ती आठ मॉड्यूलची प्लेट झाली. आठची प्लेट एका ओळीची लांबट मिळते, तशीच चार-चारच्या दोन ओळींची चौकोनीही मिळते. त्यामुळे दुकानात आकड्याबरोबर ओळीही सांगाव्या लागतात.

मॉड्यूलचा आकार कंपन्यांमध्ये जवळपास सारखा दिसतो, पण खिळीची जागा आणि कडेची जाडी वेगळी असते. एकाच कंपनीच्या दोन मालिकांमध्येही ती जुळेलच असं नाही. म्हणून आधी शोधायची ती मालिका, आणि तिची खूण बहुधा जुन्या बटणावरच असते. बटणाच्या कोपऱ्यात किंवा प्लेटच्या कडेला बारीक उठावाची अक्षरं असतात. पांढऱ्यावर पांढरी असल्यानं ती समोरच्या उजेडात दिसत नाहीत, आणि फ्लॅश टाकला तर उरलीसुरलीही पुसली जातात. खोलीत अंधार करून टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूनं धरा. अक्षरांची सावली पडते आणि फोटोत नाव वाचता येतं.

आत्याला दुसऱ्या खेपेला तीन फोटो काढायला सांगितले. पहिला पूर्ण प्लेटचा, अगदी समोरून. फोन दोन-तीन इंचांवर नेला तर कडा फुगतात आणि मापं बिघडतात. त्यापेक्षा हातभर लांब उभं राहून झूम करणं बरं. मापासाठी दहा रुपयांचं नाणं प्लेटवरच चिकटपट्टीनं लावायचं. भिंतीवर लावलं तर ते प्लेटपेक्षा मागे राहतं आणि फोटोत लहान दिसतं.

दुसरा आणि तिसरा फोटो प्लेट काढल्यावरचे. आधी मुख्य एमसीबी बंद करायचा आणि टेस्टरनं तपासायचं. टेस्टरही आधी चालू सॉकेटवर लावून पाहायचा, नाहीतर बिघडलेला टेस्टर 'वीज नाही' असंच सांगतो. हे काम आत्यानं शेजारच्या वायरमनदादांकडून करून घेतलं. प्लेटच्या कडेला छोटी खाच असते. तिथे चपटा स्क्रूड्रायव्हर घालून हलकेच उचकटलं की प्लेट सुटते. दुसऱ्या फोटोत चौकटीत बसलेल्या बटणाची कड आणि खीळ यायला हवी. तिसऱ्यात बटणाची पाठ, वायरी जोडलेल्या असतानाच.

उलगडा झाला तो तिसऱ्या फोटोत. बटणाच्या पाठीला तीन स्क्रू होते. साध्या बटणाला दोन असतात, एकातून वीज येते आणि दुसऱ्यातून जाते. तीन असले तर ते बहुधा टू-वे बटण. जिन्याचा दिवा खालून लावून वर विझवता येतो तो अशा दोन बटणांच्या जोडीमुळे. समोरून दोन्ही प्रकार बहुधा सारखेच दिसतात. मी आणलेलं बटण साधं होतं. ते चौकटीत बसलं असतं तर फसगत आणखी मोठी झाली असती, कारण वरचं बटण एका विशिष्ट बाजूला असेल तेव्हाच खालून दिवा लागला असता आणि आम्ही वायरिंगला दोष देत बसलो असतो. टू-वेमध्ये तीनपैकी एक स्क्रू सामाईक असतो. कोणती वायर त्याच्यावर होती, हेही त्याच फोटोत नोंदलं गेलं.

पाठीवर क्षमतेचा ठसाही असतो, ६ अँपिअर किंवा १६ अँपिअर. दोन हजार वॉटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर वीज ओढतो. त्याच्या जागी ६ अँपिअरचं बटण तंतोतंत बसलं तरी ते तापत राहील आणि शेवटी वितळूही शकेल.

सॉकेटची क्षमता मात्र समोरच्या फोटोतूनही कळते, आणि तिथेच नाणं उपयोगी पडतं. दहाच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर. समजा फोटोत नाणं २७० पिक्सेल रुंद आहे, म्हणजे १० पिक्सेलचा एक मिलिमीटर. खालच्या दोन छिद्रांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर १९० पिक्सेल भरलं तर ते १९ मिलिमीटर झालं, म्हणजे ६ अँपिअरचं सॉकेट. १६ अँपिअरला हेच अंतर सुमारे २५ मिलिमीटर असतं आणि छिद्रंही मोठी असतात. दोन्ही पिना घेणाऱ्या सॉकेटची छिद्रं लांबट किंवा जोडलेली दिसतात.

फोटो सगळ्यात जास्त फसवतो तो गोल खुंटीच्या बाबतीत. पंख्याचा रेग्युलेटर आणि दिव्याचा डिमर समोरून जुळे भाऊ दिसतात. फिरवताना टप्प्याटप्प्यानं टक-टक होत असेल तर तो बहुधा पंख्याचा, पण सलग फिरणारा दोन्हींपैकी कोणताही असू शकतो. खात्री पाठीवरच्या छापानंच होते. तिथे पंखा की दिवा आणि किती वॉट, हे लिहिलेलं असतं. दिव्याचा डिमर पंख्याला लावला तर पंखा घुमतो आणि तापतो. डिमरवर साधा एलईडी बल्ब लावला तर तो लुकलुकतो. त्याला डिमरवर चालणाराच बल्ब हवा. आणि घरात नवा बीएलडीसी पंखा आला असेल तर जुन्यासारखा रेग्युलेटर शोधूच नका. त्याचा वेग बहुधा रिमोटनं बदलतो, तिथे साधं बटण लागतं.

तिसऱ्या फोटोत स्क्रूभोवती तपकिरी डाग, वितळलेली कड किंवा काळी पडलेली वायर दिसली, तर नुसतं बटण बदलून भागत नाही. वायर सैल होती किंवा भार जास्त होता, म्हणून ते जळलं. कारण तसंच राहिलं तर नवंही जळेल. तेव्हा आधी जाणकार वायरमनला बोलवा.

आत्याच्या जिन्यात आता त्याच मालिकेचं ६ अँपिअरचं टू-वे बटण आहे आणि दिवा वरूनही लागतो, खालूनही. तुम्ही दुकानात जाल तेव्हा शक्य असेल तर जुनं बटणच हातात घेऊन जा. ते जमणार नसेल तर फोटो न्या, पण पाठीचाही न्या.