खर्चाच्या दरीचा तळ कुठे आहे?

अभियांत्रिकी शिकणाऱ्या नागपूरच्या एका वाचक विद्यार्थिनीने एक रंगीत आलेख पाठवला आहे. तळाशी दोन अक्ष, त्यांवर उभा तिसरा अक्ष ‘खर्चा’चा, आणि मधे हवेत वाकलेला, जाळीदार रेघांचा एक पृष्ठभाग. तिचा प्रश्न साधा आहे: ‘खर्च सगळ्यात कमी कुठे आहे ते यात शोधायचं असतं म्हणे. मला तर अख्खा तळ सपाटच दिसतो.’

तिचे डोळे ठीक आहेत, दोष चित्राचा आहे. इथला ‘खर्च’ रुपयांतला नाही. संगणकाला एखादी रेषा आकड्यांवर बसवायची असते तेव्हा रेषेचा अंदाज आणि प्रत्यक्ष मोजमाप यांतल्या फरकांचे वर्ग करून त्यांची सरासरी काढतात. ती जितकी कमी, तितकी रेषा चांगली.

नागपुरी उन्हाळ्याचंच उदाहरण घेऊ, आकडे सोयीसाठी मी ठरवलेले. दिवसाचं कमाल तापमान ३६, ३८, ४०, ४२ आणि ४४ अंश असताना एका घराने अनुक्रमे ११, १२, १४, १५ आणि १८ युनिट वीज वापरली. यावर एक सरळ रेषा बसवायची. तिला दोनच आकडे लागतात: चढ, म्हणजे एका अंशामागे वाढणारी युनिटं, आणि स्थिरांक, म्हणजे शून्य अंशाला रेषा जिथे पोचते ती किंमत. सर्वांत चांगल्या रेषेचा चढ येतो ०.८५ आणि स्थिरांक उणे २०. तिथे खर्च ०.२२. हे कागदावर दहा मिनिटांत करून पाहता येतं.

आता चढ ०.९५ करा आणि स्थिरांक तसाच ठेवा. खर्च ०.२२ वरून एकदम १६.३० होतो. पण चढ ०.९५ करताना स्थिरांकही उणे २४ केला, तर खर्च फक्त ०.३०! म्हणजे एका दिशेने पाऊल टाकलं की कडा, दुसऱ्या दिशेने टाकलं की जवळजवळ मैदान. पृष्ठभागाचा आकार तिरप्या ठेवलेल्या लांबच लांब पन्हळीसारखा आहे, आणि आपल्याला हवा असलेला बिंदू त्या पन्हळीच्या तळाशी कुठेतरी आहे.

हेच त्रिमितीत काढू. चढ ० ते २ आणि स्थिरांक उणे ६० ते २० अशी मर्यादा घेतली, तर एका कोपऱ्यात खर्च सुमारे ७,४०० पर्यंत चढतो. चित्र ७.४ सेंटिमीटर उंच छापलं, तर खर्चाचं एक एकक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं होतं. चढ १.३५ आणि स्थिरांक उणे ४० इथे खर्च २.२२ आहे, सर्वोत्तमाच्या दहापट. कागदावर हा फरक ०.०२ मिलिमीटर. छपाईची रेघच याहून जाड असते! आपल्याला रस आहे तळात, आणि चित्राची सगळी उंची खर्ची पडते कोणालाही नको असलेल्या कोपऱ्यांवर.

एवढ्याने भागत नाही. पुढची भिंत मागचा तळ झाकते. शिवाय सपाट कागदावरचा एक ठिपका ‘जवळचा आणि खाली’ही असू शकतो, ‘लांबचा आणि वर’ही. पडद्यावर चित्र फिरवता येतं, पण अहवालात छापलेलं चित्र कोण फिरवणार?

प्रत्यक्ष वस्तू हातात असली तरी अडचण संपत नाही. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८७४ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ गिब्जच्या उष्मागतिकीतला पृष्ठभाग चक्क प्लास्टरमध्ये घडवला आणि त्याची एक प्रतिकृती गिब्जला येलला पाठवली. पण त्यावर मॅक्सवेलला रेघा काढाव्याच लागल्या. त्यासाठी तो मॉडेल उन्हात धरायचा आणि किरणं जिथे पृष्ठभागाला निसटता स्पर्श करतात तिथे रेघ आखायचा.

या रेघांच्या कथेत माझा लाडका माणूस मात्र चार्ल्स हटन. न्यूकॅसलच्या कोळसा खाणीतल्या माणसाचा मुलगा, पुढे वुलिचच्या लष्करी अकादमीत गणिताचा प्राध्यापक. १७७४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलिनने स्कॉटलंडच्या शिहॅलियन डोंगराशेजारी ओळंबा किती कलतो ते मोजलं. त्यावरून पृथ्वीची घनता काढायची तर डोंगराचं वस्तुमान हवं, आणि त्यासाठी त्याचा आकार हवा. सर्वेक्षकांनी नोंदलेल्या उंच्यांचा ढीग हटनच्या टेबलावर आला. त्याने नकाशावर समान उंचीचे बिंदू पुसट रेघेने जोडले आणि डोंगर कागदावर उतरला. घनता पाण्याच्या साडेचारपट आली, खरी साडेपाचपट आहे. कौतुक मॅस्केलिनच्या वाट्याला जास्त गेलं. खोलीच्या किंवा चुंबकीय दिशेच्या समरेषा हटनच्या आधीही काढल्या जात होत्या, तेव्हा ‘समोच्च रेषांचा जनक’ ही पदवी जरा जपूनच द्यावी. पण आकड्यांच्या ढिगातून आकार दिसावा म्हणून रेघा ओढणं, हे आपल्या विद्यार्थिनीलाही हवं असलेलं काम त्याने केलं.

तिने पहिला उपाय तोच करावा. चढ आणि स्थिरांक कागदाच्या दोन बाजूंना घेऊन समखर्च रेषा काढाव्यात. मात्र १०००, २०००, ३००० अशा समान टप्प्यांनी नव्हे, कारण मग तळात एकही रेष येणार नाही. ०.२५, ०.५, १, २, ४, ८ असे दुपटीने वाढणारे टप्पे घ्यावेत. तेवढं केलं की पन्हळ आणि तिचा तिरपेपणा लगेच दिसतो. रंग भरायचेच तर फिक्याकडून गडदकडे जाणारे. इंद्रधनुषी रंगांत पिवळा पट्टा उगाचच कड्यासारखा उठून दिसतो.

दुसरा उपाय छेद घेण्याचा, पण इथे एक सापळा आहे. स्थिरांक उणे २० वर बांधून फक्त चढ बदलला, तर आलेख इतका खोल आणि अरुंद येतो की चढ अगदी काटेकोर कळला असं वाटतं. त्याऐवजी प्रत्येक चढाला त्याचा सर्वोत्तम स्थिरांक द्यावा आणि उरलेला खर्च मांडावा. आपल्या उदाहरणात चढ ०.१ ने सरकला तर पहिल्या छेदात खर्च १६.०८ ने वाढतो, दुसऱ्यात ०.०८ ने. दोनशेपट फरक! खात्री दुसऱ्या छेदावरून ठरवायची.

तिसरा उपाय चित्राचा नाहीच. स्थिरांक म्हणजे शून्य अंशाला लागणारी वीज, आणि नागपूरने शून्य अंश कधी पाहिलाच नाही. ४० अंशांभोवतीच्या आकड्यांवर बसवलेली रेषा जराशी वळली की चाळीस अंश दूर असलेलं तिचं टोक केवढं तरी हलतं, म्हणून चढ आणि स्थिरांक एकमेकांना बांधलेले. तापमान ४० पासून मोजा, म्हणजे उणे ४, उणे २, ०, २, ४. चढ ०.८५ च राहतो, स्थिरांक होतो १४, म्हणजे चाळीस अंशांच्या दिवशी लागणारी युनिटं. आधीच्या मांडणीत, दोन्ही अक्षांची मोजपट्टी सारखी ठेवली तर, समखर्च लंबवर्तुळ रुंदीच्या सुमारे ५७० पट लांब होतं. आता ते जेमतेम पावणेतीनपट लांब उरतं आणि अक्षांना समांतर बसतं. उताराच्या दिशेने पावलं टाकत तळ शोधणारा प्रोग्राम आधी पन्हळीच्या दोन भिंतींमध्ये आपटत राहायचा, तो आता थोड्याच पावलांत पोचतो.

हे इतकं नेटकं जमतं ते सरळ रेषा आणि वर्गांचा खर्च यांच्या बाबतीत. लाखो आकडे असलेल्या न्यूरल नेटवर्कच्या ‘खर्चाच्या डोंगराची’ देखणी चित्रं अधूनमधून फिरत असतात. त्यांत लाखो दिशांपैकी कोणीतरी निवडलेल्या दोनच दिशा असतात. त्यांतल्या दऱ्याखोऱ्यांवरून निष्कर्ष काढण्याआधी त्या दोन दिशा कोणत्या आणि उभ्या अक्षाची मोजपट्टी कोणती, एवढं तरी विचारावं.