तुझी वही घे गं!

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझी मैत्रीण जवळजवळ वर्षाने घराबाहेर पडली. मोरपंखी साडी, केसांत अबोलीचा गजरा. दारातच चौघी तिच्याभोवती जमल्या. ‘‘अगंबाई, किती वाळलीस!’’ ‘‘माझ्या नणंदेच्या जावेला अगदी हेच झालं होतं बघ.’’ मीही मागे नव्हते. विचारलं, ‘‘आता सगळे रिपोर्ट नॉर्मल ना?’’ तिने तिळगूळ घेतला, वाण घेतलं आणि दहा मिनिटांत ती निघून गेली.

दोन दिवसांनी बाजारात तिची लेक भेटली. म्हणाली, ‘‘मावशी, आई म्हणत होती, बरी होऊन गेले होते, आजारी होऊन परत आले.’’

हातातली भाजीची पिशवी एकदम जड झाली. आम्ही सगळ्या कौतुकच करत होतो की! पण त्या मोरपंखी साडीबद्दल एकीनेही अवाक्षर काढलं नव्हतं. आणि माझा तो रिपोर्टचा प्रश्न? उपचार संपले तरी दर काही महिन्यांनी तपासणी असतेच. ‘हो’ म्हणताना तिची जीभ अडखळणार, ‘नाही’ म्हणावं तर भरल्या घरात तोच विषय सुरू होणार. उत्तर देताच येऊ नये असा प्रश्न मी तिला विचारला होता.

मग ठरवलं, चिठ्ठी लिहायची. पहिला खर्डा चांगला पानभर झाला. ‘देवाने तुला मोठ्या संकटातून वाचवलं’, ‘तू किती धीराने लढलीस’, ‘आता तब्येतीला जप हं’, ‘यापुढे काही होणार नाही’. वाचून पाहिलं तर प्रत्येक वाक्य पुन्हा त्या दवाखान्याच्या दारातच जाऊन उभं राहत होतं. शेवटच्या वाक्याची हमी तर खुद्द डॉक्टरही देत नाहीत, मी कोण देणार? एकेक ओळ खोडत गेले. शेवटी उरलं ते एवढंच:

‘तुला परवा पाहून फार आनंद झाला. मोरपंखी रंग तुला काय खुलतो गं! भिशीची वही तुझी वाट बघतेय, माझा हिशेब काही जुळत नाही. रविवारी चार वाजता माझ्याकडे ये. जमलं नाही तर पुढच्या महिन्यात, वही कुठे पळून जात नाही.’

पहिल्या ओळीत अभिनंदन आलं. दुसरी आजच्या तिच्याबद्दल होती. ‘पूर्वीसारखी दिसतेस’ असं मुद्दाम लिहिलं नाही, कारण ती तुलनाच झाली. तिसऱ्या ओळीत तिचं काम तिला परत दिलं. आमच्या बारा जणींच्या भिशीची वही वर्षानुवर्षं तिच्याकडेच असायची. आणि शेवटची ओळ यासाठी की मोठ्या आजारानंतर थकवा पुष्कळ दिवस रेंगाळतो. ‘नाही’ म्हणायची वाट मोकळी ठेवलेली बरी.

खाण्याचं काय करायचं? माझा हात सवयीने मुगाच्या खिचडीकडे वळत होता. पण वर्षभर तिने तेच तर खाल्लं असणार! लेकीला हळूच फोन करून पथ्य विचारून घेतलं आणि तिच्या आवडीची कोथिंबीर वडी केली. बाकीच्या मैत्रिणींनाही आधीच सांगून ठेवलं, ‘‘बायांनो, ‘कशी आहेस’ एकदाच, तेही सगळ्यांना विचारतो तसं. वजन, केस, डॉक्टर काही काढायचं नाही.’’

रविवारी ती आली. मी वही पुढे केली, ‘‘तुझी वही घे गं बाई, सुटले मी!’’ चष्मा लावून तिने पानं उलटली. मध्येच, कुणी न विचारता, स्वतःच म्हणाली, ‘‘रात्री झोप नाही यायची ना, तेव्हा मी मनातल्या मनात भिशीचे नंबर लावायचे.’’ आम्ही गप्प राहून ऐकलं. विषय आपण काढायचा नाही हे खरं, पण तिने काढला तर घाईने बदलायचाही नाही. तिला बोलायचं होतं तेवढं ती बोलली, आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

एकदम तिची मान वर झाली. ‘‘अगं, बारा जणींचे पाचशेप्रमाणे सहा हजार व्हायला हवेत. नोव्हेंबरच्या पानावर साडेपाचच कसे? कुणाचे राहिले?’’

राहिले होते माझेच! सगळ्यांसमोर तिने मला असं काही फैलावर घेतलं की विचारू नका. हळदीकुंकवाला दहा मिनिटांत उठून गेलेली माझी मैत्रीण त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत बसली होती. जाताना डब्यातल्या उरलेल्या वड्याही मागून घेऊन गेली!