सहा जोडशब्द, एकही जोड नाही

चंदीगडच्या सेक्टर १७ किंवा ३४ मध्ये मान वर करून चाललात, की मजल्यामजल्यावर एकाच परीक्षेच्या क्लासच्या पाट्या दिसतात. कॅनडा, ऑस्ट्रेलियाला निघालेल्यांची ही इंग्रजीची परीक्षा, आयईएलटीएस. तिकडे तिला सर्रास ‘आयलेट्स’ म्हणतात. तिच्यातला निबंध किमान २५० शब्दांचा, आणि त्याला वेळ धरायचा साधारण ४० मिनिटं.

विषय पेपर हातात पडेपर्यंत कळत नाही. मग घरून काय तयार करून न्यायचं? मोरओव्हर, फर्दरमोर, हाउएव्हर, कॉन्सिक्वेंटली! विषय कोणताही येवो, हे शब्द चालतात. पाठांतराचा सगळा भर त्यांच्यावर पडतो तो यामुळेच, आणि खोटही इथेच आहे. जो शब्द कोणत्याही निबंधात चालतो, तो या निबंधातल्या या दोन वाक्यांबद्दल काय सांगणार?

असा एक परिच्छेद मराठीत रचून पाहू. विषय गावाकडून शहरात होणारं स्थलांतर.

‘सर्वप्रथम, शहरात नोकऱ्या जास्त असतात. शिवाय, तिथे चांगली कॉलेजं असतात. तसेच, दवाखाने जवळ असतात. परिणामी, गावं ओस पडतात. तथापि, शहरात गर्दी वाढते. म्हणून, सरकारने उपाय करावेत.’

वाक्यं सहा, जोडशब्द सहा. आता पेन्सिल घ्या आणि सहाही खोडा. अर्थ कुठे हलला? फारसा नाहीच. आता दुसरं आणि तिसरं वाक्य अदलाबदल करा. तरीही कुणाला पत्ता लागणार नाही. वाक्यं हवी तशी फिरवता येत असतील, तर ती मुळात एकमेकांना धरून नव्हतीच. ‘तथापि’ तर चक्क खोटं बोलतो. गावं ओस पडणं आणि शहरात गर्दी होणं यांत विरोध कसला, ती एकाच घटनेची दोन टोकं आहेत. ‘परिणामी’ची गंमत वेगळी. दवाखाने जवळ आहेत म्हणून गावं ओस पडली? मधली कडीच गायब आहे: गाव सोडून गेलं कोण, हे कुठे आलेलंच नाही. निबंध घाईत वाचणाऱ्याला मात्र वाटतं, किती मुद्देसूद!

हाच विचार पुन्हा लिहू.

‘गावात दहावीनंतर शिकायची सोय नसते, म्हणून मुलं शहरात जातात. तिथे घेतलेल्या शिक्षणाला साजेसं काम गावात मिळत नाही, तेव्हा ती परतत नाहीत. मागे राहतात त्यांचे म्हातारे आईवडील. त्यांच्याच्याने शेत होत नाही, आणि ते पडीक पडतं.’

यातली वाक्यं फिरवून बघा. जमणार नाही. ‘तिथे’ म्हणजे कुठे, ‘ती’ म्हणजे कोण, ‘त्यांचे’ म्हणजे कुणाचे, हे आधीच्या वाक्याशिवाय कळतच नाही. प्रत्येक वाक्य ओळखीच्या गोष्टीचा हात धरून सुरू होतं आणि नव्या गोष्टीपाशी थांबतं. पुढचं वाक्य तिथून उचलतं. बांधणारे शब्द आहेत, पण त्यांतले बहुतेक सर्वनामं, शाळेत ज्यांना आपण कधी जोडशब्द म्हटलंच नाही.

हॅलिडे आणि हसन या भाषाशास्त्रज्ञांनी १९७६ साली ‘कोहीजन इन इंग्लिश’ या पुस्तकात मजकूर बांधून ठेवणारे पाच प्रकार सांगितले. सर्वनामांसारखे निर्देश, एका शब्दाऐवजी दुसरा ठेवणं, अध्याहार, उभयान्वयी जोड आणि शब्दांची पुनरुक्ती किंवा नातं. क्लासच्या यादीत सगळी भरती चौथ्याच प्रकाराची असते. उरलेल्या चार प्रकारांची यादी पाठ करता येत नाही, ते विषयातूनच उगवतात.

परीक्षकांना हे चांगलं ठाऊक आहे. निबंधाच्या गुणांतला चौथा हिस्सा सुसंगती आणि बांधणीचा असतो. परीक्षेच्या प्रसिद्ध निकषांत ६ बँडच्या वर्णनातच बांधणी यांत्रिक किंवा सदोष असू शकते, असं म्हटलं आहे, आणि जोडशब्दांचा अतिवापर हे त्याचं एक कारण दिलं आहे. ९ बँडला मात्र बांधणीकडे क्वचितच लक्ष जातं. म्हणजे सगळ्यात चांगला सांधा तो, जो दिसत नाही!

म्हणून जोडशब्द हद्दपार करायचे असं नाही. वाचक सरळ पुढे चाललेला असताना तुम्ही वळणार असाल, तर ‘पण’ हवाच. तो खोडला की वाचक भलतीकडे जातो. खोडल्यावर अर्थ कोसळला, तर शब्द कामाचा होता.

चाळीस मिनिटांत एवढी चिरफाड करायला वेळ नसतो, हे खरं. शेवटची दोन मिनिटं स्पेलिंग तपासायला ठेवता ना, त्यातलं एक इकडे द्या. प्रत्येक वाक्याचा फक्त पहिला शब्द वाचत खाली या. लागोपाठ तिसऱ्या वाक्याला जोडशब्द आणि स्वल्पविराम दिसला, तर तिथे थांबा आणि तो खोडून बघा.