दुकानाचा करार, गोदामाचं एक पान

समजा, पुण्यातल्या एका कापडविक्रेत्याने तीन वर्षांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर दुकान घेतलं आहे. वर्षभराने त्याच मालकाचं मागचं गोदामही तो घेतो. पुन्हा वीस पानं कोण लिहिणार? म्हणून वकील एका पानाचा पुरवणी करार करतात. त्यात गोदामाचं भाडं आणि सुरू होण्याची तारीख असते, आणि शेवटी एक ओळ: दुकानाच्या करारातल्या कलम 4 ते 18 मधील तरतुदी गोदामाला ‘म्युटाटिस म्युटांडिस’ लागू राहतील. दोघंही मान डोलावून सही करतात.

या लॅटिन शब्दांचा अर्थ ‘जे बदलायला हवं ते बदलून’. मराठी कायद्यांत यासाठी ‘योग्य त्या फेरफारांसह’ असं लिहितात. पण ‘योग्य’ म्हटलं की कुणाला योग्य, असा प्रश्न उभा राहतो. मूळ शब्दांत सक्ती आहे: बदलल्याशिवाय कलम नव्या जागी बसतच नाही, तेवढंच बदलायचं. बदललं तर बरं होईल, असं काहीही त्यात येत नाही.

आता जुनी कलमं गोदामाला लावून बघू. ‘दुकान’ असेल तिथे ‘गोदाम’ वाचायचं. दर्शनी पाटी कशी लावावी हे सांगणारं कलम गळून पडतं, कारण मागच्या बोळातल्या गोदामाला दर्शनी बाजूच नाही. ‘दोन महिन्यांची आगाऊ नोटीस’ मात्र जशीच्या तशी राहते. गोदाम लवकर रिकामं करता येतं म्हणून पंधरा दिवस पुरेत, असं भाडेकरूला कितीही वाटलं तरी ते चालत नाही. दोन महिने हा आकडा गोदामालाही नीट बसतो, म्हणून त्याला हात लावायचा नाही.

पहिल्या बारा महिन्यांचा लॉक-इन असेल तर तो गोदामासाठी गोदामाच्या तारखेपासून मोजायचा. दुकानाचं वर्ष उलटलं म्हणून गोदाम कधीही सोडता येईल, असं भाडेकरूने धरून चालू नये.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती थकबाकीच्या कलमात. मूळ करार म्हणतो, सलग दोन महिने भाडं थकलं तर मालकाला करार संपवता येईल. दुकानाचं भाडं थकलं, गोदामाचं चोख दिलं, तर गोदामही जाणार का? शब्द बदलून वाचा: गोदामाचं भाडं थकलं, तर गोदामाचा करार संपवता येईल. एवढंच. एकाच्या थकबाकीत दुसराही करार जावा असं मालकाला हवं असेल, तर ते स्वतंत्र वाक्यात लिहून घ्यावं लागेल. तो नवा सौदा आहे, फेरफार नव्हे.

अनामत रकमेशी आलो की ही ओळ जवळजवळ हतबल होते. मूळ करारात दोन लाख अनामत आहे. पुरवणीत अनामतीचा उल्लेखच नाही. मग गोदामासाठी आणखी दोन लाख द्यायचे, की भाड्याच्या प्रमाणात कमी, की आधीचे दोन लाखच दोन्हींना पुरतात? तिन्ही उत्तरं भाषेत बसतात. माझ्या मते धोक्याची खूण हीच: कलम नव्या जागी वाचताना दोन वेगवेगळ्या रकमा निघू लागल्या, तर तिथे आकडा लिहिल्याशिवाय सही करू नये.

सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये ‘अशोक सर्व्हिस सेंटर’ खटल्यात याच शब्दांचा विचार केला. ओडिशाचा जुना विक्रीकर कायदा नव्या अतिरिक्त कराला या शब्दांनी लावला होता. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: जुळवून घ्यायचं, पण गरजेपुरतं, मूळ गोष्टीचं स्वरूप बदलायचं नाही, आणि नव्या कायद्यात स्पष्ट काही म्हटलं असेल तर ते वरचढ. तो खटला कायद्यांचा होता, पण करारही याच धोरणाने वाचता येतो. म्हणजे पुरवणीत गोदामासाठी वेगळी नोटीस लिहिली असेल, तर जुने दोन महिने बाजूला पडतील.

लवादाच्या कलमाबाबत आणखी सावध राहावं. केरळच्या बांधकाम विभागाच्या कामातल्या एका उपकंत्राटात, मूळ कंत्राटाच्या अटी लागू राहतील असं लिहिलं होतं. वाद झाला तेव्हा मूळ कंत्राटातलं लवादाचं कलम उपकंत्राटदाराला वापरता येईना. ‘एम. आर. इंजिनिअर्स’ खटल्यात 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दुसऱ्या करारातल्या अटींचा असा सर्वसाधारण उल्लेख लवादाचं कलम ओढून आणायला पुरत नाही. ते कलम करारात सामील करायचा इरादा त्या उल्लेखातून स्पष्ट दिसायला हवा. तिथे लॅटिन शब्द नव्हते, पण ते असते म्हणून हा इरादा आपोआप दिसला असता असंही नाही. आपल्या कापडविक्रेत्याने कलम 4 ते 18 मध्ये लवाद आहे का ते पाहावं. असला आणि दोघांनाही तो हवा असला, तर पुरवणीत लिहावं: ‘लवादाचं कलम 17 गोदामाच्या वादांनाही लागू राहील.’